बस्त्याच्या बिलातले ८०० रुपये

*सर, धाकट्या बहिणीचा बस्ता परवा लातुरात बांधला. दुकानावर पाटी होती, ‘२० टक्के सूट + रोखीवर जादा १० टक्के’. छापील किमतीची बेरीज ४०,००० झाली. ३० टक्के जाऊन २८,००० होतात असा हिशोब करून मी पैसे नेले होते, दुकानदाराने २८,८०० मागितले. काका काउंटरवरच भांडले. मेहुणे म्हणाले, १० टक्के आधी काढायला लावले असते तर फायदा झाला असता. शेवटी ८०० जास्तीचे देऊन आलो, पण घरात अजून तोच विषय चालू आहे. नवरदेवाचे कपडे घ्यायला परत त्याच दुकानात जायचंय, त्यांनी ५०० रुपयांचं कूपनही दिलंय. आमचे ८०० मागायचे का?*
*एक वाचक, औसा तालुका*

ताई, ८०० रुपये मागायला जाऊ नका. बिल बरोबर आहे. पहिली सूट ४०,००० वर २० टक्के, म्हणजे ८,०००. उरले ३२,०००. दुसरी सूट या ३२,००० वर १० टक्के, म्हणजे ३,२००. उरले २८,८००. तुम्ही दुसरे १० टक्केही ४०,००० वरच धरलेत, म्हणून तुमच्या हिशोबात ते ४,००० झाले. चार हजार आणि बत्तीसशे यांच्यातला फरक म्हणजे हे ८००.

पण एवढ्यावर काकांचं समाधान होणार नाही, आणि व्हायलाही नको. त्यांनी विचारलं पाहिजे की दुसरी सूट ३२,००० वरच का? पाटीवर तर तसं कुठं लिहिलं नव्हतं. पाटीवर वीस होते, दहा होते आणि मध्ये अधिकचं चिन्ह होतं. अधिकचं चिन्ह दिसल्यावर माणूस बेरीजच करणार, पहिलीपासून आपल्याला तेच शिकवलंय.

हे ‘का’ मला एका मुनीमजींनी शिकवलं. कॉलेजात असताना मी नांदेडला वजिराबादेतल्या एका कापड दुकानात दोन वर्षं संध्याकाळी बिलं लिहायचो. एकदा एका शाळेला गणवेशाचं कापड गेलं, ६,००० रुपयांचं. शाळेला २० टक्के सूट ठरलेली होती, आणि आठ दिवसांत पैसे चुकते केले तर आणखी १०. मी सरळ ३० टक्के वजा करून ४,२०० लिहिले. मुनीमजींनी कार्बनची प्रत पाहिली आणि मला बोलावलं.

‘ही दहाची सूट आपण कशासाठी देतो?’

‘पैसे लवकर दिले म्हणून.’

‘मग लवकर किती पैसे येणार आहेत? सहा हजार?’

सहा हजार येणार नव्हते. पहिली सूट दिल्यावर शाळेकडून आपलं येणंच ४,८०० होतं. ‘जे बाराशे आपण मागणारच नाही, ते लवकर दिल्याची सूट कुणाला देतोस?’ असं म्हणून त्यांनी ४,२०० वर रेघ मारली आणि शेजारी ४,३२० लिहिले. फरक १२० रुपयांचा होता. माझा महिन्याचा पगार तेव्हा १५० होता, त्यामुळे तो आकडा मला आजही पाठ आहे.

तुमच्या पाटीवरच्या दोन सुटींचं नातंही हेच आहे. वाणिज्य शाखेच्या पुस्तपालनात यांना वेगवेगळी नावं आहेत. पहिली व्यापारी सूट, ती छापील किमतीतून आधीच वजा होते आणि बिल उरलेल्या रकमेचं बनतं. दुसरी रोख सूट, ती त्या बिलाचे पैसे ताबडतोब मिळाले म्हणून दिली जाते. तुम्ही दुकानदाराला रोख ४०,००० देणारच नव्हतात. देणं होतं ३२,०००. तेव्हा रोखीची सूट ३२,००० वर. सेल लावणाऱ्या दुकानांनी पुढं ही रोखीची अट काढून टाकली, नुसतंच ‘जादा १० टक्के’ लिहायला लागले, पण हिशोबाची रीत तीच राहिली. दुसरी सूट नेहमी पहिली सूट वजा जाता उरलेल्या रकमेवर.

आपल्याकडे टक्क्याला शेकडा म्हणायची जुनी पद्धत आहे, आणि मला तो शब्द जास्त प्रामाणिक वाटतो. ‘शेकडा दहा’ म्हटलं की लगेच विचारावंसं वाटतं, कुठल्या शेकड्यामागे दहा? तुमच्या ४०,००० मध्ये ४०० शेकडे होते. पहिल्या सुटीनं त्यातले ८० शेकडे उचलून नेले. दुसऱ्या सुटीपुढे ३२० शेकडेच शिल्लक होते, तिनं प्रत्येकामागे दहा रुपये सोडले, ३,२०० झाले. गेलेल्या ८० शेकड्यांमागेही दहा-दहा रुपये सोडायचे म्हटलं तर ते होतात ८००. तुमचे काका नकळत त्या ८० शेकड्यांवरची सूट मागत होते.

काकांना आकड्यांपेक्षा रान जवळचं असेल, म्हणून हे त्यांना असं सांगा. एक एकराचं अगदी चौकोनी रान धरा, ४० गुंठे. पूर्वेच्या बांधालगत दक्षिणोत्तर एक पट्टा कालव्यात गेला, रानाच्या रुंदीचा पाचवा हिस्सा. म्हणजे ८ गुंठे, शेकडा वीस. मग उत्तरेच्या बांधालगत पूर्वपश्चिम एक पट्टी रस्त्यात गेली, लांबीचा दहावा हिस्सा. बांधापासून बांधापर्यंत मोजली तर ४ गुंठे, शेकडा दहा. आता काकांना विचारा, रान किती उरलं? आठ आणि चार बारा, उरलं २८ असं कुणी सांगितलं तर काका त्याला बांधावर उभं करतील. कारण ईशान्येच्या कोपऱ्यात कालव्याचा पट्टा आणि रस्त्याची पट्टी एकमेकांवर पडतात. तो कोपरा आठ गुंठ्यातही मोजला गेला आणि चार गुंठ्यातही. जमीन मात्र एकदाच गेली. त्या कोपऱ्याचं माप आठ गुंठ्यांचा दहावा हिस्सा, म्हणजे पाऊण गुंठ्याहून जरासं जास्त, ०.८ गुंठा. म्हणून गेलेली जमीन १२ नव्हे, ११.२ गुंठे, आणि उरलेली २८.८ गुंठे.

तुमच्या बिलाचा आकडा २८,८००. मी मुद्दाम चाळीस गुंठे घेतले, म्हणजे गुंठ्याच्या जागी हजार रुपये ठेवले की तुमचंच बिल दिसावं. ते ८०० रुपये म्हणजे ईशान्येचा कोपरा. दोन्ही सुटींनी त्याच्यावर हक्क सांगितला, पण वजा तो एकदाच होऊ शकतो.

घरात कुणाला पटत नसेल तर लेकरांची चौकटीची वही घ्या. दहा बाय दहाचा चौकोन आखा, शंभर घरं झाली. दोन उभ्या रांगा पेन्सिलीनं रंगवा, वीस घरं. मग वरची एक आडवी रांग रंगवायला घ्या. दहापैकी दोन घरं आधीच रंगलेली सापडतील, नव्यानं रंगवायला आठच मिळतील. वीस आणि आठ अठ्ठावीस. कोरी घरं मोजली तर बहात्तर. हा खेळ मी वर्गात पुष्कळदा करून घेतला आहे. ती दोन आधीच रंगलेली घरं समोर आली की पोरं स्वतःच थांबतात, फळ्यावर काही लिहावं लागत नाही.

वहीतल्या त्या बहात्तरचा उपयोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. सूट किती गेली हे मोजण्याऐवजी रुपयातले किती पैसे द्यायचे उरले हे मोजायचं. २० टक्के सुटीनंतर रुपयाचे ८० पैसे उरले. त्या ८० पैशांतून शेकडा दहा गेले, म्हणजे ८ पैसे. उरले ७२ पैसे. मूळ बेरीज कितीही असो, देणं रुपयाला ७२ पैसे. तिसरी सूट आली, समजा सभासदांना आणखी ५ टक्के, तरी रीत बदलत नाही. ७२ पैशांतून शेकडा पाच गेले की ६८.४ पैसे उरतात, म्हणजे सूट ३१.६ टक्के. बेरीज करणारा मात्र ३५ धरून बसतो. सुटींची संख्या आणि सुटी जितक्या मोठ्या, तितका हा फरक वाढत जातो. वीस आणि दहामध्ये तो दोनच टक्क्यांचा आहे म्हणून सहज नजरेतून सुटतो.

मोठ्या सुटींत तो कसा उघडा पडतो ते पाहा. ‘५० टक्के + ५० टक्के’ अशा पाट्या आता तालुक्याच्या गावातही दिसतात. बेरीज खरी असती तर शंभर टक्के सूट झाली असती आणि दुकानदाराला कापड फुकट द्यावं लागलं असतं. एखाद्यानं ‘६० + ५०’ लावली तर ११० टक्के होतात, म्हणजे साडी नेणाऱ्यालाच वर पैसे द्यायचे. असं कधी होत नाही, कारण दुसरी सूट उरलेल्यातूनच जाते. पन्नासनंतर पन्नास म्हणजे निम्म्याचं निम्मं, रुपयाला २५ पैसे द्यायचे, सूट ७५ टक्के. काकांशी बोलताना मी सुरुवात इथूनच करेन. वीस-दहावर माणूस वाद घालतो, पन्नास-पन्नासवर त्याला बेरजेची चूक स्वतःच दिसते.

आता मेहुण्यांचा मुद्दा. १० टक्के आधी काढले असते तर? ४०,००० चे १० टक्के ४,०००, उरले ३६,०००. त्याचे २० टक्के ७,२००, उरले २८,८००. तोच आकडा. आधी आडवी रांग रंगवा, मग उभ्या दोन रंगवा, कोरी घरं बहात्तरच राहतात. आधी रस्ता गेला काय आणि कालवा गेला काय, रान तेवढंच उरतं. दोन्ही सुटी टक्क्यांत असतील तर क्रमानं एक पैशाचाही फरक पडत नाही, तेव्हा मेहुण्यांनी ही हळहळ सोडून द्यावी.

पण तुमच्याकडे ५०० रुपयांचं कूपन आहे आणि तिथं मात्र क्रमाला किंमत आहे. मेहुण्यांचं हे लक्ष पुढच्या खेपेला नक्की कामाला येईल. नवरदेवाचे कपडे छापील किमतीनं १५,००० चे झाले असं धरू. दुकानदारानं दोन्ही सुटी आधी दिल्या आणि कूपन शेवटी वजा केलं, तर १५,००० चे १०,८०० होतात, त्यातून ५०० गेले, द्यायचे १०,३००. त्यानं कूपन आधी वजा केलं तर १४,५०० उरतात, आणि त्यांवर रुपयाला ७२ पैसे म्हणजे १०,४४०. तुमचे १४० रुपये जास्त गेले. कारण असं की छापील किमतीतून आधी कापलेल्या ५०० वरही पुढं दोन्ही सुटी मिळाल्या असत्या, त्या बुडाल्या. तुमच्या ५०० च्या कागदाचा प्रत्यक्ष फायदा ३६० चाच झाला. कूपन दोन सुटींच्या मध्ये कापलं तर १२,००० मधून ५०० जाऊन ११,५००, आणि त्यावर १० टक्के गेले की १०,३५०, म्हणजे या दोन्हींच्या मधला आकडा. म्हणून बिल बनायला लागलं की आधीच सांगा, टक्के अगोदर काढा, कूपन शेवटी घ्या. त्याआधी कूपनची मागची बाजू मात्र वाचा. ‘इतर सवलतींसोबत लागू नाही’ किंवा ‘छापील किमतीवर लागू’ असं बारीक अक्षरात असतं, आणि तसं असेल तर दुकानदाराशी वाद घालून उपयोग नाही. सवलतींसोबत चालणार नसेल तर कूपन घरीच ठेवा. १५,००० च्या खरेदीवर दोन सुटींचे ४,२०० सोडून ५०० घेण्यात काही अर्थ नाही.

आता बस्त्याचं बिल बाहेर काढा आणि एक गोष्ट तपासा, कारण खरी गफलत होते ती इथं होते. दिलेले पैसे भागिले छापील किमतीची बेरीज करा. २८,८०० भागिले ४०,००० म्हणजे ०.७२. तुमचं उत्तर चोख आलं, म्हणून मी सुरुवातीलाच बिल बरोबर आहे असं म्हटलं. हाच भागाकार ०.७३ किंवा ०.७५ आला असता तर काहीतरी सुटलं आहे असं समजायचं. बहुतेक वेळा बस्त्यात टॉवेल, टोप्या, ब्लाउजपीस असा फिक्स रेटचा माल मिसळलेला असतो आणि त्याला सूट नसते. ते आधी सांगितलं असेल तर ठीक, नसेल तर तिथल्या तिथं विचारायचं. दुसरं एक कारण, जादा सुटीला वरची मर्यादा असते. बँकेच्या कार्डावर ‘१० टक्के, कमाल १,५००’ असं लिहिलेलं असलं की ३२,००० वर ३,२०० मिळत नाहीत, १,५०० च मिळतात आणि बिल ३०,५०० चं होतं. तेव्हा भागाकार ०.७६ च्या पुढं जातो आणि लगेच कळतं. मोबाईलवर एवढा एक भागाकार बिल हातात पडताच करायचा, पैसे देण्याआधी.

पाटीबद्दल माझं मत विचाराल तर दुकानदारानं तुम्हाला फसवलेलं नाही, पण सरळ ‘रोखीनं घेतल्यास २८ टक्के’ असं त्यानं लिहायला हवं होतं. तो ते लिहित नाही, कारण वीस आणि दहा वाचणाऱ्याच्या मनात तीस होतात आणि अठ्ठावीसपेक्षा तीस ओढून आणतात. माझ्या मनाला हे पटत नाही. मात्र पाटीवर किंवा जाहिरातीत ‘एकूण ३० टक्के’ किंवा ‘दोन्ही सुटी छापील किमतीवर’ असे शब्द असते, तर गोष्ट वेगळी होती. तेव्हा ८०० रुपये तुमचेच होते. पाटीचा फोटो काढून हक्कानं मागता आले असते, आणि दिले नसते तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे, तिथं तक्रार नोंदवता आली असती. तुम्ही कळवलेल्या पाटीवर तसे शब्द नाहीत.

वडिलांना आणि काकांना आणखी एका जागी हीच चूक महागात पडू शकते, म्हणून सांगतो. सोयाबीनचा भाव समजा ५,००० वरून २० टक्क्यांनी पडला, ४,००० झाला. मग बातमी येते की भाव २० टक्क्यांनी वधारला, आणि माणूस समजतो की आपला जुना भाव परत आला. तो आला नाही. वाढ ४,००० वर मोजली गेली, ८०० रुपयांची, आणि भाव ४,८०० वरच थांबला. पडताना शेकडे पन्नास होते, चढताना चाळीसच उरले होते. ५,००० वर परत यायला २५ टक्के वाढ लागते. माल घरात ठेवायचा की अडतीवर न्यायचा हे ठरवताना टक्क्यांची बातमी ऐकू नये, क्विंटलचा रुपयातला भाव विचारावा.

तुमच्या घरी तीस टक्क्यांवर फारच मन बसलं असेल, तर ते मागायचीही एक सरळ रीत आहे. २० टक्के गेल्यावर रुपयाचे ८० पैसे उरतात. ते ७० वर आणायचे तर ८० मधून १० जायला हवेत, म्हणजे शेकडा साडेबारा. नवरदेवाचे कपडे घेताना मागच्या ८०० चा विषय काढू नका. काकांनाच पुढं बसवा आणि त्यांना म्हणू द्या, ‘बस्ता तुमच्याकडंच बांधलाय, हेही तुमच्याकडंच घेतोय, रोखीवर दहाऐवजी साडेबारा धरा.’ दुकानदार अडीच टक्क्यांसाठी लग्नाचं गिऱ्हाईक सहसा सोडत नाही. त्यानं हो म्हटलं तर १५,००० चे आधी १२,००० होतील, मग १०,५००, आणि त्यातून तुमचं कूपन शेवटी वजा करून काकांनी पूर्ण १०,००० मोजून द्यावेत.